भूक लागली? समोर उभा!

घरगुती डब्याची जाहिरात लिहायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत कागदावर हमखास तीन शब्द उतरतात: चविष्ट, पौष्टिक, स्वच्छ. हे शब्द खोटे नसतात, पण गल्लीतल्या प्रत्येक डब्यावर तेच लिहिलेलं असतं आणि त्यांतून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. शिवाय ‘स्वच्छ’ आणि ‘पौष्टिक’ हे जोडाक्षरांचे शब्द जलद चालीत गाताना जीभ अडखळते.

विविध भारतीवर १९६७ साली आणि दूरदर्शनवर १९७६ साली जाहिराती सुरू झाल्या. तेव्हापासून आपल्याकडे सेकंदांच्या हिशेबात गाणं लिहिण्याचं एक वेगळं तंत्र घडत गेलं. आज स्थानिक केबलवर किंवा व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर वीस सेकंदांची चित्रफीत टाकणाऱ्या काकूंनाही तेच तंत्र लागतं. ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, शहरात डबे देणाऱ्या एक काकू आहेत. परवान्यावर त्यांच्या उद्योगाचं नाव लांबलचक आहे. त्यात ‘श्री’ही आहे आणि ‘गृहउद्योग’ही. गिऱ्हाईक मात्र म्हणतं, ‘काकूंचा डबा आला का?’ गाण्यात हेच नाव घ्यायचं. लोकांच्या तोंडी आधीच बसलेलं नाव बाजूला सारून नवं बसवणं वीस सेकंदांत होत नाही.

आता ताल. केरवा आठ मात्रांचा आणि भजनापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. त्याची दोन आवर्तनं म्हणजे सोळा मात्रा, तेवढी एक ओळ. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. मात्र जिंगलमध्ये हिशेब कागदावरच्या अक्षरांचा नाही, कानाला ऐकू येणाऱ्या उच्चाराचा धरायचा. ‘लागली’ कागदावर पाच मात्रांचा शब्द आहे, पण बोलताना आपण ‘लाग्‌-ली’ म्हणतो आणि तो चार मात्रांत सहज बसतो. व्याकरणाच्या पुस्तकातून मोजून लिहिलेली ओळ गाताना ओढूनताणून बसवल्यासारखी वाटते, ती यामुळेच.

पहिली ओळ सोपी आहे. डब्यात काय असतं ते सांगायचं:

पोळी भाजी वरण नि भात

चार-चार मात्रांचे चार गट पडतात: पोळी, भाजी, वरण नि, भात. ‘भात’च्या तीनच मात्रा होतात, तिथे शेवटी एक मात्रा श्वास घ्यायला मिळते. विशेषण एकही नाही, तरी ताट दिसतं.

दुसऱ्या ओळीत वेळ यायला हवी, कारण ऑफिसातल्या माणसाला चवीइतकीच काळजी डबा कधी येतो याची असते. काकू म्हणतात, साडेबारापर्यंत पोचतो. पण ‘साडेबाराच्या आत’ लिहिलं तर ओळीत डब्याला जागाच उरत नाही. नुसतं ‘बाराच्या आत’ बसतं, ते असं: ‘डबा हजर बाराच्या आत’. मात्रा सोळाच भरतात, पण टाळी वाजवून म्हणून पाहिलं तर टाळी ‘हजर’मधल्या ‘ज’वर आणि ‘बाराच्या’मधल्या ‘रा’वर पडते. शब्द मध्येच तुटतात आणि ऐकणाऱ्याला पहिल्यांदा ‘राच्या आत’ असं काहीतरी ऐकू येतं. मात्रा बरोबर असून ओळ चुकते ती अशी. मग हे लिहून पाहू:

दारी डबा एकच्या आत

दारी, डबा, एकच्या, आत. प्रत्येक टाळी शब्दाच्या सुरुवातीलाच पडते. शिवाय काकूंना अर्ध्या तासाची सवलत मिळाली, ती वेगळीच.

यमकाचं काम नुसतं गोड लागण्याचं नाही. ओळीचा शेवटचा शब्द सगळ्यांत जास्त लक्षात राहतो, म्हणून त्या जागी कामाचाच शब्द हवा. ‘खाऊन बघा एकदा तरी’ला ‘घरी’ छान जुळतं, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात ‘तरी’ राहतं आणि त्या ‘तरी’चं त्याने काय करायचं? इथे ‘भात’ आणि ‘आत’ राहतात, म्हणजे जेवण आणि वेळ.

नावाच्या ओळीशी मात्र झगडावं लागतं. ‘डबा’ला मराठीत चोख यमक फारसं नाही. ‘उभा’ जवळचं आहे. ब आणि भ वेगळे असले तरी गाताना ‘आ’ लांबवला की कान तक्रार करत नाही. कवितेत मी हे चालवून घेतलं नसतं, जिंगलमध्ये खुशाल घ्यावं.

भूक लागली? समोर उभा
काकूंचा डबा!

शेवटच्या ओळीत फक्त नऊ मात्रा आहेत. उरलेल्या सात शब्दांनी भरायचा मोह टाळावा. ‘चा’ लांबवायचा, ‘बा’ किंचित लांबवायचा आणि शेवटच्या चार मात्रांत स्टीलच्या डब्याच्या झाकणावर दोन ठोके: टक, टक. पुढे पुढे हे ठोके ऐकूनच नाव आठवायला लागतं. चारही ओळींच्या शेवटी ‘आ’ आलाय, हेही पाहा. तोंड उघडून म्हणता येणारा हा स्वर मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरही स्पष्ट ऐकू येतो.

चाल सा ते प या पाच सुरांतच ठेवावी. पहिल्या दोन ओळींना एकच चाल द्यावी, म्हणजे कान एकदाच शिकतो. तिसरी ओळ वर चढवून प्रश्नावर सोडावी आणि ‘डबा’ खाली सा वर आणून ठेवावा. गाजलेल्या सिनेगीताची चाल उचलून वर आपले शब्द चिकटवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती चाल संगीतकाराच्या किंवा कंपनीच्या हक्काची असते, हा एक भाग. दुसरा असा, की ऐकणारा मूळ गाणं गुणगुणत निघून जातो आणि डबा मागेच राहतो.

सेकंदाला चार मात्रा या लयीत एक ओळ चार सेकंदांची होते आणि अख्खं गाणं सोळा सेकंदांचं. वीस सेकंदांच्या चित्रफितीत फोन नंबरासाठी चार सेकंद उरतात. नंबर गायचा नाही, पडद्यावर दाखवायचा. दहा सेकंदांचीच जागा मिळाली तर शेवटच्या दोन ओळी पुरतात.

टॅगलाइनला मात्र चाल नसते. ती रिक्षाच्या पाठीवर किंवा डब्याच्या स्टिकरवर नुसती वाचली जाते, म्हणून आणखी आखूड हवी. ती वेगळी शोधण्यापेक्षा गाण्यातूनच काढलेली बरी: ‘पोळी-भात, एकच्या आत!’ वाचणाऱ्याला चाल आपोआप आठवते.

पारख करायची तर सोसायटीतल्या एखाद्या मुलाला दोनदा ऐकवावं आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायला सांगावं. तो चाल म्हणेल पण काकूंच्या जागी मावशी किंवा आजी घालेल, तर नावाची ओळ फसली. जिथे तो ‘ला-ला’ करेल तिथला शब्द बदलावा.

शब्दांचा कायदाही आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतील दाव्यांबाबत २०१८ साली आलेल्या नियमांनुसार ‘घरगुती’सारखे शब्द गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल असे वापरता येत नाहीत. उद्या काकूंनी गाळा घेऊन आचारी ठेवले तर तो शब्द उतरवावा लागेल.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी डबे पोचवणाऱ्या मुलाला विचारून घ्यावं, शेवटचा डबा नक्की किती वाजता पोचतो. सव्वाला पोचत असेल तर गिऱ्हाईक हीच ओळ खवचटपणे काकूंना फोनवर म्हणून दाखवेल. तसं असेल तर ‘दोनच्या आत’ म्हणावं. मात्रा तेवढ्याच भरतात, चालही बदलावी लागत नाही.