आभाराचा परिच्छेद आणि हिशेबाचं पान

मार्चअखेर वर्ष संपतं, पुढच्या सहा महिन्यांत लेखापरीक्षण उरकावं लागतं आणि त्या सुमारास धर्मादाय संस्थेच्या वार्षिक अहवालाची पुस्तिका सभासदाच्या घरी येऊन पडते. पहिल्याच पानावर अध्यक्षांचा फोटो आणि खाली ‘अध्यक्षीय मनोगत’. त्याचा शेवटचा परिच्छेद वाचायच्या आधीच पाठ असतो: सर्व सभासद, कर्मचारी, सहयोगी संस्था आणि ज्ञात-अज्ञात हितचिंतकांचे मनःपूर्वक आभार. वाचणारा पान उलटतो. खरं तर तिथे थांबावं, कारण जमाखर्चात जे कधीच दिसणार नाही ते नोंदवायला अध्यक्षांना हीच काय ती जागा असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातला एखादा न्यास वर्षभरात मोतीबिंदूची काही शिबिरं घेतो. शाळा दोन खोल्या विनाभाडं देते, नेत्रतज्ज्ञ मानधन न घेता तपासणी करतात, एक निवृत्त हिशेबनीस वह्या लिहून देतात. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचे हिशेब १९५० च्या कायद्याखालच्या ठरलेल्या नमुन्यात मांडावे लागतात. त्यात देणग्या, अनुदानं, आस्थापना खर्च, उद्दिष्टांवरील खर्च अशी शीर्षकं असतात. फुकट मिळालेल्या खोलीला आणि डॉक्टरांच्या दुपारीला त्यात शीर्षक नाही. पैसा हललाच नाही, तर लिहिणार काय? मनोगतातही त्यांचं नाव आलं नाही, तर ही मदत कागदावर झालेलीच नसते. पुढच्या वर्षी शाळेचे मुख्याध्यापक बदलले की नवे विचारतात, “खोल्या कशाच्या आधारावर देत होतो?” आणि दाखवायला काही नसतं.

सहयोगी संस्थांचे आभार मानताना खरी गफलत होते ती आकड्यांची. शिबिरात न्यासाने रुग्ण जमवले, तपासले आणि गाडीने शहरातल्या रुग्णालयात पोहोचवले. शस्त्रक्रिया रुग्णालयाने केल्या. आता न्यासाच्या मनोगतात ‘यंदा आम्ही ३०० शस्त्रक्रिया केल्या’ असं छापलं, रुग्णालयानेही आपल्या अहवालात त्याच ३०० मोजल्या आणि गाडीचा खर्च देणाऱ्या कंपनीने सामाजिक दायित्वाच्या पानावर तोच आकडा टाकला. शस्त्रक्रिया ३००, तीन अहवालांत मिळून ९००! मुद्दाम खोटं कोणीच बोललेलं नसतं. नुसत्या ‘सहकार्याबद्दल आभार’ या शब्दांत कोणी काय केलं तेच पुसलं जातं. ‘तपासणी आणि ने-आण आमची, शस्त्रक्रिया त्यांच्या, वाहनखर्च अमुक कंपनीचा’ एवढं एक वाक्य लिहिलं की आभारही पोहोचतात आणि हिशेबही जुळतो.

कर्मचाऱ्यांच्या वाट्याला ‘अहोरात्र परिश्रम’ येतात. हे शब्द आले की वाचणाऱ्याने खर्चाची बाजू उघडावी. शिबिरात काम करणाऱ्यांचा पगार सहसा उद्दिष्टांवरील खर्चात आणि कार्यालयातल्या कारकुनाचा आस्थापना खर्चात धरला जातो. शिबिरं वाढली, परिश्रमांचं कौतुकही वाढलं, पण पगाराची रक्कम मागच्या वर्षाइतकीच राहिली, तर ते अहोरात्र कोणाच्या खिशातून गेलं हे सभेत विचारायला हरकत नाही. शस्त्रक्रियेनंतर घरोघर जाऊन रुग्णाला डोळ्यात थेंब वेळेवर घालतोय ना हे पाहणाऱ्या सेविकेचं काम दोन ओळींत सांगितलं, तर दहा विशेषणांचं काम भागतं.

राहिले ‘अज्ञात’ हितचिंतक. हा शब्द जरा जपून वापरावा. नाव न छापण्याची देणगीदाराची इच्छा न्यासाने खुशाल पाळावी. पण पावतीपुस्तकात नाव-पत्ता हवाच. देणाऱ्याची ओळख नोंदलेली नसेल, तर ठरावीक मर्यादेपलीकडच्या अशा देणग्यांवर धर्मादाय संस्थेला ३० टक्के दराने आयकर बसू शकतो. निव्वळ धार्मिक न्यासांना त्यातून सूट आहे. म्हणजे छापील पानावर अज्ञात चालेल, वहीत नाही.

आणखी एक दान जमेच्या बाजूला शोधून सापडत नाही. कायम निधीसाठी म्हणून दिलेली रक्कम सहसा जमाखर्चात न येता थेट ताळेबंदात जाते. मनोगतात पाच लाखांच्या देणगीचे आभार आणि देणग्यांच्या ओळीत मात्र दोनच लाख, असं दिसलं तर लगेच संशय घेऊ नये. आधी ताळेबंदातला निधी वाढला आहे का ते पाहावं. तिथेही नसेल, तर प्रश्न रास्त.

असे प्रश्न विचारणार कोण, हे मुखपृष्ठावरच्या नोंदणी क्रमांकावरून कळतं. क्रमांक ‘एफ’ने सुरू होत असेल, तर ती १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था न्यास म्हणूनही नोंदलेली आहे, तिला सभासद असतात आणि वार्षिक सभाही. ‘ई’ असेल, तर कारभार साधारणपणे विश्वस्तांपुरता असतो. तुमच्या घरी आलेल्या पुस्तिकेवर ‘एफ’ असेल, तर सभेला जाताना ती बरोबर न्या, आभाराच्या परिच्छेदात खूण घाला आणि जमाखर्चाचा विषय निघाला की हात वर करा.