आपला नट ‘तो’, जर्मन नट ‘ती’!

आधी एक छोटा प्रश्न. चावी ‘ती’ का? आणि कुलूप ‘ते’ का? सांगता येणार नाही. ‘तो चावी’ म्हटलं की कानाला खटकतं, एवढंच आपल्याला माहीत असतं. जर्मन शिकायला बसलात की नेमकं हेच खटकणं आपल्याकडे नसतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मोशीतून रोज किती बस चाकणकडे निघतात ते तुम्ही पाहताच. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनचा प्लांट आहे, मर्सिडीजही तिथेच आहे. त्यामुळे या पट्ट्यात जर्मन शब्द नवे नाहीत. त्यात २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग केलेल्या ताया, आयटीआय झालेले दादा, डिप्लोमावाले अशी बरीच मंडळी शिफ्ट सांभाळून जर्मनचे क्लास शोधताना दिसतात. तिशी ओलांडलेला माणूस ‘गुटन मॉर्गन’ दोन दिवसांत शिकतो. अडतो तो डेर, डी आणि दासपाशी.

हे तीन शब्द म्हणजे जर्मनमधली आर्टिकल्स. प्रत्येक नामाच्या आधी यांपैकी एक लागतं. पुल्लिंगाला डेर, स्त्रीलिंगाला डी, नपुंसकलिंगाला दास. आपल्या तो, ती, ते सारखंच. हिंदीत दोनच लिंगं असल्यामुळे हिंदी भाषकांना तिसरं लिंग आधी समजून घ्यावं लागतं. आपल्याला त्याची गरज नाही, हा आपला फायदा. सुरुवातीचे काही शब्द तर अगदी जुळतात. हातोडा म्हणजे डेर हामर, तोही ‘तो’. पक्कड म्हणजे डी त्सांगे, तीही ‘ती’. पाणी म्हणजे दास व्हासर, तेही ‘ते’. वाटतं, अरे, सोप्पंय की!

पण ही जुळणी निव्वळ योगायोगाची आहे. पुढचेच शब्द बघा. आपली खुर्ची ‘ती’, जर्मन खुर्ची डेर श्टूल. आपलं टेबल ‘ते’, जर्मन टेबल डेर टिश. आपला दरवाजा ‘तो’, तिकडे डी ट्यूर. कंपनीची बस आपल्याकडे ‘ती’, तिकडे डेर बुस. आपली मुलगी ‘ती’ आणि जर्मन मुलगी चक्क दास मेडशेन, म्हणजे ‘ते’. सगळ्यात भारी म्हणजे बोल्टवर बसणारा नट. आपल्याकडे ‘तो’, जर्मनमध्ये डी मुटर. आणि मुटर म्हणजे आईसुद्धा! म्हणून पहिला नियम: मराठी लिंगावरून अंदाज बांधायचा नाही. मराठीने आपल्याला तीन खाने दिलेत. कुठला शब्द कुठल्या खान्यात, ते मात्र नव्याने पाठ करायचं.

ते पाठ करण्यासाठी रंगांची युक्ती वापरतात. डेर निळा, डी लाल, दास हिरवा. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत हेच रंग असतात, काहींत वेगळे असतात. कुठले घेता याला महत्त्व नाही, फक्त एकदा ठरवले की बदलायचे नाहीत. लाल-हिरव्यात गल्लत होत असेल, तर हिरव्याच्या जागी पिवळा घ्या. तीन पेनं घेतली, वही रंगवली, झालं असं वाटतं. पण दीड-दोन महिन्यांनी डाटिव्ह शिकवायला घेतात आणि बऱ्याच वह्यांचा बट्ट्याबोळ होतो. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

त्यासाठी विभक्ती थोडी आठवू. ‘हातोडा इथे आहे’, पण ‘हातोड्याने काम करतो’. मराठीत शब्दाचं शेपूट बदलतं. जर्मनमध्ये शब्द बहुतेक वेळा आहे तसाच राहतो आणि बदलतं ते डोकं, म्हणजे आर्टिकल. ‘हातोडा इथे आहे’ हे डेर हामर इस्ट हिअर. ‘मला हातोडा हवा’ हे इश ब्राउखे डेन हामर, कारण आता तो कर्म झाला. याला आकुझाटिव्ह म्हणतात. ‘मी हातोड्याने काम करतो’ हे इश आरबाइटे मिट डेम हामर, कारण मिट या शब्दानंतर कायम डाटिव्ह येतो. हातोडा तोच, पण डेर, डेन, डेम अशी तीन आर्टिकल्स झाली.

आता पक्कड घ्या. ‘पक्कड इथे आहे’ हे डी त्सांगे इस्ट हिअर. ‘मला पक्कड हवी’ हे इश ब्राउखे डी त्सांगे, इथे काहीच बदल नाही. पण ‘पकडीने’ म्हणायचं तर मिट डेर त्सांगे. थांबा, डेर? डेर तर पुल्लिंगी होतं ना?

गंमत इथेच आहे. स्त्रीलिंगाचं डाटिव्ह आर्टिकल दिसायला पुल्लिंगाच्या मूळ आर्टिकलसारखंच असतं. ज्याने ‘डेर दिसला की निळा’ अशी सवय लावून घेतली, तो इथे निळं पेन उचलतो. आता त्याच्या वहीत पक्कड एका पानावर लाल, दुसऱ्या पानावर निळी. पाण्याची वेगळी पंचाईत. मिट डेम हामर आणि मिट डेम व्हासर, दोन्हीकडे डेमच. त्यामुळे डेम पाहून शब्द निळा की हिरवा हे कळूच शकत नाही. बहुवचनात तर डी सगळ्यांनाच लागतं, म्हणजे हातोडेही लाल व्हायचे.

म्हणून या पद्धतीचा खरा नियम असा: रंग नामाचा असतो, आर्टिकलच्या स्पेलिंगचा नाही. त्सांगे एकदा लाल झाली की कायमची लाल. तिच्या आधी डी असो वा डेर, दोन्ही लाल पेनानेच लिहायचं. हामर कायम निळा, मग डेर, डेन, डेम तिन्ही निळे. बहुवचनात तिन्ही लिंगांची आर्टिकल्स एकच होतात, म्हणून त्याला चौथा रंग द्या. आणि नवा शब्द वाक्यात कुठल्याही रूपात भेटला तरी त्याचा रंग डिक्शनरीतलं मूळ एकवचन बघूनच ठरवा, वाक्यातल्या आर्टिकलवरून नाही.

तुमची पद्धत चुकतेय का, हे तपासणं सोपं आहे. वहीची शेवटची दहा पानं उलटा. एकच शब्द एकवचनात दोन रंगांत दिसला, तर तुम्ही नाम नाही, आर्टिकल रंगवताय.

एवढं करूनही एक फसगत उरते. रंगीत वही वाचताना सगळं येतंय असं वाटतं, कारण उत्तर समोरच असतं. परीक्षेचा पेपर मात्र काळ्या शाईतला असतो. म्हणून रंग वाचायचा नाही, आठवायचा. कार्डाच्या एका बाजूला काळ्या पेनाने फक्त मराठी शब्द लिहा: पक्कड. दुसऱ्या बाजूला डी त्सांगे, पूर्ण लाल, आणि खाली बहुवचन. आधी डोळ्यांसमोर रंग आणा, आर्टिकलसकट शब्द मोठ्याने म्हणा आणि मगच कार्ड उलटा. बरोबर आलं तर कार्ड तीन दिवसांनी, चुकलं तर उद्या परत. त्यानंतर तोच शब्द तीन वाक्यांत फिरवा: इस्ट हिअरबरोबर, इश ब्राउखेबरोबर आणि मिटबरोबर. दिवसाला दहा शब्द पुरेत. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की तेवढ्यात दहा कार्डं आरामात होतात.

मग काय, हजारो शब्दांची कार्डं करायची? नाही. काही शब्दांचा रंग शेपटावरूनच कळतो. ज्या नामाला शेवटी ‘उंग’ हा प्रत्यय लागतो ते लाल: त्साइटुंग म्हणजे वर्तमानपत्र, रेशनुंग म्हणजे बिल, व्होनुंग म्हणजे फ्लॅट. मात्र ‘उंग’ हा मूळ शब्दाचाच भाग असेल तर नियम लागत नाही. उडी म्हणजे श्प्रुंग निळा आहे. लहानपण दाखवणारा ‘शेन’ लागला की शब्द हिरवा. म्हणून तर मुलगी ‘दास’ झाली. तिचा दोष नाही, शेपटाचा आहे! आणि जर्मनमधले ते लांबलचक जोडशब्द? त्यात शेवटच्या शब्दाचा रंग सगळ्यांना लागतो. स्क्रू म्हणजे डी श्राउबे, लाल. चावी म्हणजे डेर श्ल्युसल, निळी. दोन्ही जोडून झाला श्राउबेनश्ल्युसल, म्हणजे नटबोल्टचा पाना. शेवट निळा, म्हणून पानाही निळा.

आर्टिकल चुकलं म्हणून एवढं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात होणाऱ्या ए-वन परीक्षेला १०० पैकी ६० गुण लागतात, आणि दोन-चार आर्टिकल्स चुकली म्हणून कुणी नापास होत नाही. दुकानात ‘डी टिश’ म्हणालात तरी टेबल मिळेल. पण कामावर वाक्यं लांब होतात, तेव्हा फरक पडतो. ‘डेर माइस्टर रुफ्ट डेन लेअरलिंग’ म्हणजे मेस्त्री शिकाऊ मुलाला हाक मारतो. आता ‘डेन माइस्टर रुफ्ट डेर लेअरलिंग’ ऐका. शब्दांचा क्रम तोच, पण इथे शिकाऊ मुलगा मेस्त्रीला हाक मारतोय. मराठीत हे काम ‘ला’ करतो, म्हणून ‘मेस्त्रीला मुलगा हाक मारतो’ असं उलटं म्हटलं तरी आपण गोंधळत नाही. जर्मनमध्ये ‘ला’ नाही, त्याचं काम डेन करतो. आणि डेन कुठे लावायचा हे कळायला शब्द निळा आहे, हे आधी माहीत हवं. लाल किंवा हिरव्या शब्दाचं आर्टिकल तिथे बदलतच नाही.

तेव्हा आज रात्री वहीत ‘मिट’ असलेली सगळी वाक्यं शोधा. त्यात ‘मिट’च्या लगेच पुढे जिथे जिथे डेर दिसेल, तिथे पेन कुठलं वापरलंय ते बघा. लाल असेल तर पुढचा धडा उघडा. निळं असेल, तर आधी ते पान पुन्हा लिहा.