हातापायांच्या जखमा काय सांगतात?

क्लॅटच्या उताऱ्यात समजा असा दावा आहे: शहरात हेल्मेटसक्ती झाली, वर्षभरात दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या जखमा निम्म्यावर आल्या, म्हणजे सक्ती लागू पडली. इथे एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे: दुचाक्या आणि अपघात पूर्वीइतकेच राहिले. नवी माहिती नेमकी याच सांध्यावर बसते. ‘त्याच वर्षी मेट्रो आली, दुचाक्या घटल्या’ म्हटलं की दावा ढिला पडतो. खोटा मात्र ठरत नाही. ‘हातापायांच्या जखमा तेवढ्याच राहिल्या’ हे वरवर असंबद्ध वाटतं, पण बळ तेच देतं. अपघात होतच होते, वाचलं ते डोकं. ‘हेल्मेट महागली’ हा पर्याय भुलवतो खरा. निष्कर्षाला त्याचा धक्काही लागत नाही.