तेवीसशे तासांचा अर्ज मागे का पडतो?

विमान कंपनीत वैमानिकांचे अर्ज चाळायला बसणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच वैमानिक असतो. ‘मेहनती, संघभावना असलेला, दडपणाखाली शांत राहणारा’ वगैरे ओळींवर त्याची नजर थांबत नाही. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, तासांचा तक्ता आणि तारखा. वैमानिक एकमेकांना भेटले की विचारतात ना, ‘टाइपवर किती?’ आणि ‘करंट आहेस का?’, तेच दोन प्रश्न तो कागदाला विचारत असतो.

एक जाहिरात समजा. एअरबस ए-३२० विमानासाठी सहवैमानिक, म्हणजे फर्स्ट ऑफिसर, हवा आहे. अट अशी, की ए-३२०वर किमान ५०० तास झालेले असावेत, शेवटचं उड्डाण गेल्या बारा महिन्यांतलं असावं, भारतीय परवाना आणि क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र चालू असावं. मार्चमध्ये दोन अर्ज येतात. पहिल्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, एकूण उड्डाण २,३०० तास. दुसऱ्यावर ९००. घरच्या माणसांना विचारलं तर निकाल तिथेच लागेल. भरतीवाला मात्र पहिला अर्ज फोडून बघतो.

या २,३०० तासांपैकी पहिले २०० परवाना मिळवतानाचे आहेत. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी साधारण तेवढेच तास लागतात, आणि ते गोंदिया, बारामती, धुळे अशा ठिकाणी सेसनासारख्या छोट्या विमानांवर होतात. पुढचे ६०० तास याच उमेदवाराने फ्लाइंग स्कूलमध्ये प्रशिक्षक म्हणून काढले, तेही छोट्या विमानांवरच. मग १,१०० तास एटीआर-७२वर, म्हणजे पंख्यावर चालणाऱ्या, छोट्या शहरांना जोडणाऱ्या विमानावर. ए-३२०वर उरतात ४००. दुसऱ्या उमेदवाराचे २१० तास प्रशिक्षणातले आणि ६९० थेट ए-३२०वरचे. अट टाइपवरच्या तासांची आहे, त्यामुळे आकड्याने दुप्पट-अडीचपट मोठा माणूस इथे शंभर तासांनी कमी पडतो.

हे कोणाला अन्यायाचं वाटेल, पण त्यामागे कारण आहे. मोटारीचा परवाना असला की मारुती चालवणारा उद्या टोयोटा चालवू शकतो. मोठ्या विमानांचं तसं नाही. प्रत्येक प्रकारासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते, तिला टाइप रेटिंग म्हणतात. आधी वर्गातलं शिक्षण, मग सिम्युलेटरची सत्रं, त्यात इंजिन बंद पडणं, आग, हायड्रॉलिक जाणं असले प्रसंग पुन्हा पुन्हा करून घेतात, आणि शेवटी परीक्षा. ए-३१९, ए-३२० आणि ए-३२१ ही भावंडं एकाच रेटिंगमध्ये बसतात. पण एटीआरचं रेटिंग घेऊन एअरबसच्या उजव्या खुर्चीत बसता येत नाही. एटीआरमध्ये हातात दांडा असतो. एअरबसमध्ये बाजूला छोटी साइडस्टिक असते आणि वैमानिकाच्या हालचालीचं काय करायचं हे मधले संगणक ठरवतात. एकावर अंगवळणी पडलेलं दुसऱ्यावर उपयोगी पडतंच असं नाही, उलट अडचणीच्या क्षणी हात जुन्या सवयीकडे जातो.

तासांबद्दल आणखी एक खुलासा हवा. ‘उड्डाणाचा तास’ म्हणजे हवेत काढलेला तास नव्हे. विमान उड्डाणासाठी जागेवरून पहिल्यांदा हलतं तिथपासून उतरून पुरतं थांबेपर्यंतचा वेळ धरला जातो. मुंबईत धावपट्टीच्या रांगेत घालवलेली वीस मिनिटंही लॉगबुकात जातात. शिवाय लॉगबुकात रकाने असतात. विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले तास ‘पी-वन’मध्ये, सहवैमानिक म्हणून उडवलेले ‘पी-टू’मध्ये, सिम्युलेटरचे वेगळे. कॅप्टनच्या जागेसाठी पी-वनचा रकाना आधी बघतात. काही उमेदवार सिम्युलेटरचे शंभरेक तास एकूण बेरजेत मिसळून टाकतात. ते पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि मग बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने बघितलं जातं.

आता तारखा. परवान्याची मुदत ही यातली सर्वांत कमी महत्त्वाची तारीख आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. २०२३च्या दुरुस्तीनंतर भारतात व्यावसायिक परवाना पाचऐवजी दहा वर्षांसाठी मिळतो. पण त्या परवान्याला जोडलेल्या गोष्टी बऱ्याच लवकर शिळ्या होतात. ढगातून, केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग वर्षभर चालतं. सिम्युलेटरवरची प्रावीण्य चाचणी दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. प्रवासी घेऊन उडायचं तर गेल्या नव्वद दिवसांत तीन वेळा उड्डाण आणि तीन वेळा उतरणं झालेलं हवं. म्हणजे परवाना दहा वर्षांचा हातात असूनही वैमानिक आज विमानाला हात लावायला अपात्र असू शकतो. अर्जात नुसतं ‘परवाना वैध’ लिहिणाऱ्याने काहीच सांगितलेलं नसतं.

आपला ९०० तासांचा उमेदवार इथे अडकतो. त्याने शेवटचं विमान ऑगस्टमध्ये उडवलं, मग कंपनीच बंद झाली. असं आपल्याकडे खरोखर घडलं आहे. मे २०२३मध्ये गो फर्स्टची उड्डाणं थांबली तेव्हा ए-३२० उडवणारे वैमानिक घरी बसले. सात महिन्यांत या उमेदवाराची प्रावीण्य चाचणी उलटून गेली, नव्वद दिवसांची अट तर कधीच मोडली. तरी जाहिरातीत बारा महिन्यांची सवलत आहे, म्हणून तो बाद होत नाही. फक्त त्याला घेणाऱ्या कंपनीला सिम्युलेटरवर उजळणी, चाचणी आणि मग अनुभवी कॅप्टनच्या देखरेखीखालची काही उड्डाणं, एवढा खर्च आणि वेळ धरावा लागतो. सिम्युलेटरला रांग असते, तेव्हा हा वेळ काही आठवड्यांचाही होतो.

आणि पहिला? तो नोकरीत आहे, गेल्याच आठवड्यात उडला आहे, सगळं ताजं आहे. पण भारतात सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागेल असा नियम २०१७ साली आला. म्हणजे मार्चमध्ये निवड झाली तरी तो सप्टेंबर-ऑक्टोबरशिवाय येणार नाही. गंमत अशी, की महिन्याला साठ-पासष्ट तासांनी उडत राहिला तर तोवर त्याचे ए-३२०वरचे तास ७५०च्या पुढे गेलेले असतील. म्हणून अट अर्जाच्या तारखेला पूर्ण हवी की रुजू होण्याच्या, हे जाहिरातीत नीट वाचायला हवं. पुढच्या महिन्यात माणूस हवा असलेली कंपनी दुसऱ्याला बोलावेल. हिवाळ्यात नवी विमानं येणार असतील तर शहाणी कंपनी पहिल्याचा अर्ज फेकून देणार नाही. माझ्या मते दीर्घकाळासाठी तोच चांगला सौदा आहे. ६०० तास शिकाऊंच्या चुका शेजारी बसून सावरलेला माणूस रोज मिळत नाही.

वैद्यकीय प्रमाणपत्राकडेही याच नजरेने बघतात. साठीच्या आतल्या विमान कंपनीच्या वैमानिकाची क्लास वन तपासणी वर्षातून एकदा होते, साठीनंतर सहा महिन्यांनी. दृष्टी, रंगओळख, श्रवण, ईसीजी, साखर, रक्तदाब, वजन, सगळं तपासलं जातं. त्यात काही खटकलं तर वैमानिकाला काही काळासाठी अनफिट ठरवतात. मात्र प्रमाणपत्रावरचा शेरा तारखेइतकाच महत्त्वाचा असतो. चश्म्याच्या शेऱ्याने काही बिघडत नाही, जोडीला दुसरा चष्मा बाळगला की झालं. पण ‘शेजारी दुसरा पात्र वैमानिक असेल तरच’ अशा अर्थाचं बंधन असेल, तर दोन वैमानिकांच्या एअरबसवर ते चालून जातं आणि एकट्याने उडवायच्या छोट्या चार्टर विमानावर तोच माणूस निरुपयोगी ठरतो. आपल्या पहिल्या उमेदवाराचं प्रमाणपत्र जुलैत संपतंय, म्हणजे नोटिशीच्या काळात. त्याने अर्जात तशी तारीख आणि नूतनीकरणाच्या तपासणीची ठरलेली तारीख दोन्ही लिहिली आहेत. भरतीवाल्याला हे आवडतं.

खोटेपणाही होतो, आणि तो पकडायच्या रीती फार किचकट नाहीत. भारतात वैमानिकाने वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उडायचं नाही अशी मर्यादा आहे. एखाद्याच्या अर्जात एका वर्षाचे १,३०० दिसले की खुलासा मागतात. लॉगबुकातल्या प्रत्येक नोंदीत विमानाचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्या विमानाची स्वतःची वेगळी नोंदवही असते. लॉगबुकात उमेदवार ज्या दिवशी हवेत आहे त्या दिवशी विमान दुरुस्तीला हँगरमध्ये असेल, तर प्रश्न सुटतो. इंग्रजी बोलणाऱ्या जुन्या वैमानिकांत अशा तासांना ‘पार्कर ५१वर काढलेले तास’ म्हणायचा विनोद आहे. पी-५१ हे गाजलेलं लढाऊ विमान, आणि पार्कर ५१ हे पेन. जानेवारी २०११मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर आदळत उतरलं आणि त्या चौकशीतून वैमानिकाच्या परवान्यासाठी दिलेल्या परीक्षेच्या गुणपत्रिका बनावट निघाल्या. त्यानंतर देशभरचे परवाने पुन्हा तपासावे लागले होते.

खऱ्या तासांनीही सगळं कळत नाही. फेब्रुवारी २००९मध्ये अमेरिकेत बफलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून ५० जण गेले. कॅप्टनचे ३,३७९ तास होते, सहवैमानिकेचे २,२४४. पण कॅप्टन आधीच्या अनेक चाचण्यांमध्ये नापास झाला होता आणि अर्जात त्याने त्या सगळ्या सांगितल्या नव्हत्या. अपघातानंतर अमेरिकेने सहवैमानिकालाही १,५०० तासांची अट घातली. त्या दोघांचेही तास त्याहून जास्त होते, ही बाब त्या नियमाच्या बाजूने बोलणारे सोयीने विसरतात. अधिक उपयोगाची सुधारणा दुसरी होती, जुन्या नापास चाचण्यांची नोंद नव्या कंपनीला बघता यावी अशी व्यवस्था.

हे सगळं वाचणाऱ्यांत कोणी मुलाला किंवा मुलीला वैमानिक करू पाहणारे पालक असतील, तर त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. परवाना हाती येताच नोकरीची वाट न बघता लाखो रुपये भरून ए-३२०चं टाइप रेटिंग करून घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. ते केल्यावर अर्जात ‘टाइप रेटेड’ हा शब्द येतो, पण टाइपवरचे तास शून्यच राहतात आणि सहा महिन्यांत चाचणी उलटते. पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा पैसे. त्यामुळे आधी कोणत्या कंपन्या भरती करताहेत, त्यांच्याकडे कोणती विमानं आहेत आणि त्या तास नसलेला टाइप रेटेड उमेदवार घेतात का, एवढी तीन उत्तरं लेखी मिळवा आणि मगच पैसे भरा.