गिझर कोणाचा, खर्च कोणाचा?

भाड्याच्या घरातली मोठी भांडणं सहसा भाड्यावरून होत नाहीत. भाडं करारात लिहिलेलं असतं आणि ते दर महिन्याला खात्यात जमा होतं. भांडण पेटतं ते चावी परत देताना, डिपॉझिटमधून किती कापायचं यावरून.

समजा, पुण्यात कोथरूडला एक टू बीएचके फ्लॅट आहे. महिन्याचं भाडं २४,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. दोन वर्षं राहून कुटुंब निघालं आणि मालकाने कापायच्या रकमांचा हिशोब पाठवला : संपूर्ण घराला रंग २४,०००, नवीन गिझर ६,५००, स्वयंपाकघरातला नळ ९००, खिडकीची काच १,२००. एकूण ३२,६०० रुपये. मालक म्हणतो, घर दिलं तेव्हा सगळं धडधाकट होतं. भाडेकरू म्हणतो, आम्ही काहीच मोडलेलं नाही. दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता बरीच आहे, आणि पंचाईत तीच आहे.

मग करार काढून बघितला जातो. महाराष्ट्रातले बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे. त्यात घरातल्या वस्तूंची यादी असते : पंखे पाच, ट्यूबलाइट सहा, गिझर दोन. नग मोजलेले असतात, पण गिझर दोन वर्षांचा होता की बारा वर्षांचा, हे कुठेच नसतं. ‘देखभाल खर्च मालक देईल’ असं वाक्य सापडलं की भाडेकरूला हायसं वाटतं, पण ते बहुधा सोसायटीच्या मासिक वर्गणीबद्दल असतं. नळाच्या वॉशरशी त्याचा संबंध नाही.

कायद्याने असा तक्ता करून ठेवला आहे का? एक आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली, आणि त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दुरुस्त्यांची सरळ वाटणी आहे. मालकाच्या वाट्याला मोजकीच पण मोठी कामं येतात : इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग, गरज पडल्यास पाण्याचे पाइप बदलणं, आणि आतलं-बाहेरचं वायरिंग. भाडेकरूची यादी लांब आहे. नळ आणि वॉशर, तुंबलेली मोरी, कमोड आणि बेसिनची दुरुस्ती, गिझर, स्विच आणि सॉकेट, स्वयंपाकघरातली जोडकामं, कुलपं आणि मुठी, डासांच्या जाळ्या, खिडक्यांच्या काचा.

यामागचा हिशोब कळण्यासारखा आहे. जे भिंतीच्या आत आहे ते मालकाचं, ज्याला रोज हात लागतो ते वापरणाऱ्याचं. पण परिशिष्ट अक्षरशः लावलं तर अन्यायही होतो. विजेच्या उपकरणांची दुरुस्तीच नव्हे, ती बदलणंही त्यात भाडेकरूवर टाकलं आहे. मालकाचा बारा वर्षं जुना गिझर भाडेकरूच्या तिसऱ्या महिन्यात फुटला, तर नव्या गिझरचे पैसे त्याने का भरावेत? दोघांनी लेखी करारात वेगळं ठरवलं तर ते चालतं, म्हणून अशी जागा करारातच दुरुस्त करून घ्यायची असते.

शिवाय हा कायदा नमुन्याचा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्राचा स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. त्याचं कलम १४ सांगतं की उलट करार नसेल, तर जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं काम. त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, त्यानंतरही वाजवी वेळेत काम झालं नाही तर, स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एकच : वर्षभरात ही वजावट त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. २४,००० रुपये भाडं असेल तर वर्षाला ७२,००० पर्यंत. पण हे कलम ‘भाडेकरू’ला हक्क देतं, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्यामुळे कलम १४च्या भरवशावर परस्पर भाडं कापण्याआधी त्याने दहा वेळा विचार केलेला बरा. त्याचा खरा आधार म्हणजे करारात लिहिलेला शब्द.

आता कोथरूडच्या हिशोबाकडे परत येऊ. गिझरपासून सुरुवात करू, कारण त्याचा निकाल वस्तू उघडल्यावरच लागतो. पुण्याच्या अनेक भागांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. त्या जड पाण्यातला क्षार तापवणाऱ्या एलिमेंटवर पांढऱ्या थराने बसतो. थर जाड झाला की पाणी तापायला वेळ लागतो, आतून खडखड आवाज येतो आणि शेवटी एलिमेंट जळतं. वर्षाकाठी गिझर उघडून साफ केला असता तर हे टळलं असतं, म्हणून हा खर्च वापरणाऱ्याचा. पण पाणी टाकीच्या तळातून गळत असेल आणि बाहेरच्या पत्र्यावर गंजाचे ओघळ दिसत असतील, तर आतली टाकीच सडली आहे. ते वयाचं दुखणं, आणि ते मालकाचं. मेकॅनिकला बिलावर ‘गिझर रिपेअर’ एवढंच लिहू देऊ नये. काय बिघडलं ते एका ओळीत लिहून घ्यावं. कोथरूडच्या गिझरची टाकी गंजली होती असं धरू. ६,५०० रुपयांची कपात तिथेच गळाली.

एसीलाही हाच न्याय. फिल्टर धुणं, सर्व्हिसिंग, तुंबलेली पाण्याची नळी हे भाडेकरूने बघावं. ‘गॅस संपला’ असं मात्र कोणी म्हटलं तर लगेच पैसे देऊ नयेत. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून जात नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तेच बिल पुन्हा येतं. जुन्या कॉइलला भोक पडलं असेल तर दुरुस्ती मालकाची.

प्लंबिंगमध्ये दोन नव्हे, तीन पक्ष असतात. तिसरा पक्ष सोसायटी, आणि तक्ते बनवणारे नेमकं तिलाच विसरतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरचे पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, टाक्या, पंप, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीच्या खर्चाची कामं. फ्लॅटच्या आतलं बाकी सगळं सभासदाचं, म्हणजे मालकाचं. सोसायटीसाठी भाडेकरू हा पक्षच नाही. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या छताला ओल आली की नोटीस मालकाला येते आणि मालक भाडेकरूला फोन करतो.

ओल कुठून येते हे ओळखायला लगेच टाइल्स फोडाव्या लागत नाहीत. चोवीस तास सारखाच वाढत राहणारा डाग बहुधा दाबाच्या पाइपचा, म्हणजे भिंतीत गाडलेल्या नळाच्या लाइनचा असतो. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघावा, तो फिरत असेल तर संशय पक्का. डाग फक्त आंघोळींनंतर ओला होत असेल आणि सुट्टीत घर बंद असताना वाळत असेल, तर नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा जमिनीचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं. पावसाळ्यातच उमटणारा डाग बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवतो. पहिले दोन मालकाचे, तिसरा सोसायटीचा. यातला एकही भाडेकरूचा नाही. त्याच्याकडे जातं ते ट्रॅपमध्ये अडकलेले केस, सिंकमध्ये ओतलेलं तेल आणि नळाचा झिजलेला वॉशर. कोथरूडच्या स्वयंपाकघरातला ९०० रुपयांचा नळ म्हणून त्याच्याच खात्यात राहतो. चेंडूने फुटलेली काचही त्याचीच, १,२०० रुपये.

राहिला रंग. सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त जबरदस्ती इथेच होते. अनेक मालक घर सोडताना एक महिन्याचं भाडं ‘रंगाचे’ म्हणून ठेवून घेतात, भिंती कशाही असोत. एजंट ‘पद्धतच आहे’ म्हणून खांदे उडवतात. पण केंद्राच्या परिशिष्टात सफेदी आणि रंग मालकाकडे आहेत, आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२पासून सांगत आला आहे की वाजवी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. उन्हाने फिकटलेली भिंत, सोफ्यामागचा पट्टा, कॅलेंडरचा एखादा खिळा ही झीज. पोरांनी तेलखडूंनी रंगवलेली भिंत किंवा विनापरवानगी ड्रिल मारून पाडलेली सात भोकं हे नुकसान.

नुकसानीतही पूर्ण रंगाचे पैसे घेणं बरोबर नाही. घरातला रंग चार वर्षं चांगला टिकतो असं दोघांनी आधी मान्य केलं, तर हिशोब सोपा होतो. भाडेकरू आला तेव्हा रंग ताजा होता आणि तो दोन वर्षांनी निघाला, म्हणजे रंगाचं अर्धं आयुष्य तसंही संपलं. खडूने खराब झालेली खोली एकच, तिचा खर्च ६,०००. त्यातले निम्मे, ३,००० रुपये भाडेकरूने द्यावेत. ३,००० अधिक ९०० अधिक १,२०० म्हणजे ५,१००. मालकाच्या ३२,६०० पुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्यातला प्रत्येक रुपया कारणासकट दाखवता येतो.

हे सगळं करारापूर्वी अर्ध्या पानावर मावतं. एक नमुना असा :

| बिघाड | मालक | भाडेकरू |
|---|---|---|
| गिझर, एसी | टाकी, कॉइल; जुनी वस्तू बदलणं | साफसफाई, सर्व्हिसिंग, क्षाराने जळलेलं एलिमेंट |
| नळ, फ्लश, बेसिन | भिंतीतले पाइप, वॉटरप्रूफिंग | वॉशर, तुंबलेला ट्रॅप |
| वीज | वायरिंग | स्विच, सॉकेट, बल्ब |
| दारं, खिडक्या | वाळवी, कुजलेली चौकट | कुलूप, जाळी, फुटलेली काच |
| रंग | नेहमीची झीज | नुकसान, रंगाच्या उरलेल्या आयुष्यापुरतं |

त्याखाली एक रक्कम लिहावी, उदाहरणार्थ १,००० रुपये : त्याखालची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने न विचारता करावी, त्यावरच्या कामासाठी आधी मालकाला फोटो आणि मेसेज पाठवावा. प्रत्येक उपकरणापुढे खरेदीचं वर्ष टाकावं. प्रवेशाच्या दिवशी नळ, भिंती आणि गिझरच्या खालच्या भागाचे फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवावेत, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

आणि करार नोंदवावा. १९९९च्या कायद्यातलं कलम ५५ लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं करतं आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. नोंदणी नसेल, तर वाद झाल्यावर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोटं असल्याचं सिद्ध करणं मालकाच्या अंगावर येतं.