गोल ते आणि दोन जबर

अरबीच्या वर्गात दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे. लहानपणी मशिदीतल्या उस्तादांकडे कायदा शिकलेली, घरी उर्दू, बाहेर मराठी. हाताने लिहिलेलं तिचं अरबी नीटस असतं. यंदा मात्र निबंध टाइप करून द्यायचा होता आणि तिच्या कागदावर लाल खुणांची रांग लागली. गंमत अशी, की जवळपास सगळ्या चुका शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर होत्या.

पहिलंच वाक्य होतं: زرت مدرسه قديمة. तिला म्हणायचं होतं, ‘मी एका जुन्या शाळेत गेले’. कागदावर उमटलं ते ‘मी त्याच्या शिक्षकाला भेटले’, आणि पुढे लोंबकळणारं ‘जुनी’. फरक फक्त दोन ठिपक्यांचा. مدرسة म्हणजे मदरसा, शाळा. ठिपके गेले की مدرسه, मुदर्रिसुहु, ‘त्याचा शिक्षक’. स्वरचिन्हं सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे म-द-र-स एवढा सांगाडा दोन्हींचा सारखाच दिसतो. शब्दलेखन तपासणारं सॉफ्टवेअरही इथे गप्प बसतं, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. चूक पकडून दिली ती शेजारच्या قديمة या स्त्रीलिंगी विशेषणानं. शिक्षकाला कोणी ‘जुनी’ म्हणत नाही.

हे बोट घसरल्यानं झालं असेल का? विंडोजच्या नेहमीच्या अरबी कीबोर्डवर ه हे अक्षर इंग्रजी I च्या कळीवर येतं आणि ة हे M च्या कळीवर. वेगवेगळ्या ओळींतल्या कळा आहेत. घसरला तो कान. मनात शब्द सुटा उच्चारला, ‘मद्रसह’ असा हकार ऐकू आला, आणि तिनं हकाराची कळ दाबली.

ة हे अक्षर घडलंच मुळी असं. आपल्याकडे उर्दू शिकणारे त्याला ‘गोल ते’ म्हणतात, अरब ‘ता मरबूता’, म्हणजे बांधलेला त. त्याचा आकार ه चा आहे आणि वरचे दोन ठिपके ت चे. अरबी लेखनाचा एक जुना नियम आहे: वाक्यात शब्द कसाही वाजो, त्यावर थांबलं असता जो उच्चार होतो तोच लिहायचा. थांबल्यावर मद्रसह, म्हणून आकार हकाराचा. पुढे काही जोडलं की त जागा होतो, मद्रसतुन किंवा मद्रसती (माझी शाळा), म्हणून ठिपके त चे. ‘माझी शाळा’ लिहिताना तर ते गोल ते उघडून مدرستي असं साधं ت होतं. एका अक्षरात दोन उच्चार कोंबायची ही युक्ती मला फार आवडते, पण शिकणाऱ्याला ती छळते.

तिची दुसरी चूक बरोबर उलटी होती: قيمت الكتاب, ‘पुस्तकाची किंमत’. हवं होतं قيمة. इथे दोन शब्द जोडून म्हटले जातात, त स्पष्ट ऐकू येतो, तो तिनं लांब ते वापरून लिहिला. शिवाय उर्दूत हा शब्द खरोखरच قیمت असा लिहितात. आपल्या ‘किंमत’मधला त तोच आहे. फारसीतून इकडे येताना या गोल तेच्या दोन वाटा झाल्या. काही शब्दांत त उरला: दौलत, इज्जत, हिंमत, मेहनत. काहींत तो विरून ‘आ’ झाला: कायदा, फायदा, किल्ला. अरबीत हे सगळे एकाच ة नं संपतात. म्हणून मराठी-उर्दू कान अरबीत भरवशाचा नाही. मी हे सांगितल्यावर तिनं कुरआनाचा दाखला दिला: तिथे काही ठिकाणी رحمت असं लांब त नं लिहिलंय! तिचं म्हणणं बरोबर होतं. ती मुसहफची जपून ठेवलेली जुनी लेखनपद्धत आहे. आजच्या निबंधात मात्र رحمة.

तिसरी चूक सावधगिरीतून आली. ठिपके विसरतो असं कळल्यावर तिनं दिसेल तिथे ते दिले आणि مياه (पाणी) चं مياة केलं. ही चूक अरब देशांतल्या पाट्यांवरही दिसते. त्यावर एक सोपी कसोटी आहे. शब्दाला ‘आमचं’ जोडून म्हणा. मियाहुना, ह टिकला, म्हणजे ه. मद्रसतुना, त आला, म्हणजे ة.

आता दोन जबर. अरबीत अनिश्चित नामाच्या शेवटी ‘उन’, ‘अन’, ‘इन’ असा न ऐकू येतो, त्याला तन्वीन म्हणतात. न चं अक्षर लिहीत नाहीत, स्वरचिन्ह दोनदा काढतात. यातलं ‘अन’ तेवढं अडचणीचं, कारण त्याच्यासोबत बहुधा एक अलिफ येतो: كتابًا, किताबन. का येतो? पुन्हा तोच थांबण्याचा नियम. किताबनवर थांबलं की ‘किताबा’ उरतं, म्हणून अलिफ लिहायचा. मद्रसतनवर थांबलं की मात्र ‘मद्रसह’च, तिथे आ नाही, म्हणून अलिफ नाही: مدرسةً. तिनं एका ठिकाणी مدرسةاً टाइप केलं होतं. गोल तेपुढे अलिफ कधीच येत नाही, तेव्हा ही चूक नजरेनंही सापडते. مساءً (संध्याकाळी) यातही अलिफ नाही, पण कारण वेगळं: हम्ज़ाच्या आधी एक अलिफ आहेच, दोन्ही बाजूंना अलिफ नको.

राहिला प्रश्न चिन्ह कुठे बसवायचं हा. كتابًا मध्ये ते ब वर आहे, كتاباً मध्ये अलिफवर. वर्तमानपत्रांत, शालेय पुस्तकांत दोन्ही दिसतात, आणि आपलंच खरं म्हणणारे दोन्हीकडे आहेत. मदिनेत छापलेल्या मुसहफमध्ये ते अलिफच्या आधीच्या अक्षरावर असतं. मलाही तेच पटतं: ‘बन’ हा आवाज ब चा आहे, अलिफ फक्त थांबण्याची सोय. कायदा शिकताना ही मुलगीही ‘बे दो जबर बन’ असंच घोकत आली होती. पण अलिफवर दिलं म्हणून मी गुण कापत नाही. एकाच ओळीत بيتاً قديمًا असं दोन तऱ्हांनी लिहिलं, तर मात्र विचारतो.

तिच्या निबंधात हे मिश्रण का झालं ते टाइप करताना पाहिल्यावर कळलं. अरबीत चिन्ह ज्या अक्षरावर हवं त्याच्यानंतर टाइप करायचं असतं, आपण क नंतर ि देतो तसं, मग ती वेलांटी डावीकडे का दिसेना. ب मग ً मग ا दिलं तर चिन्ह ब वर. ب, ا, ً दिलं तर अलिफवर. तिला कधी चिन्हाची आठवण अलिफ टाइप करून झाल्यावर यायची, आणि ते अलिफवर जाऊन बसायचं. दोनदा तर घाईत चिन्ह ब च्या आधी पडलं, आणि किताबच्या मधल्या अलिफवर चढलं: كتاًبا. बारा पॉइंटच्या छपाईत हे डोळ्यांना जेमतेम दिसतं. मी तिला एकच सांगितलं: पडद्यावरची अक्षरं दुप्पट मोठी कर, आणि फक्त शब्दांच्या शेपट्या वाचत जा.

दुसऱ्या खर्ड्यात मदरशाचे ठिपके परत आले होते. किंमत मात्र अजून लांब त नंच लिहिलेली होती.