दोष डब्याचा की गोळीचा?

रोज 5 ग्रॅम क्रिएटिन घेणाऱ्या तरुणाचं क्रिएटिनिन 1.4 आलं, की घरचे डब्याकडे बोट दाखवतात. पण क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं. मूत्रपिंड धडधाकट असूनही आकडा थोडा चढू शकतो.

मला काळजी वाटते ती अंग दुखतं म्हणून रोज घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेनची. घामाने शरीरातलं पाणी घटलं, की मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिनमुळे मोकळी राहते. गोळी नेमकं तेच रोखते आणि रक्तपुरवठा आटतो. ‘क्रिएटिनमुळेच वाढलं असेल’ म्हणत ही इजा नजरेआड होते.

डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, सिस्टॅटिन सी तपासणीबद्दल विचारा. क्रिएटिनमुळे तो आकडा चढत नाही. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर गोळी घेऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.